फोटोतला सिलिंडरचा खांदा कापू नका : वृत्तसंपादकांना खुले पत्र

प्रति,
मराठी वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या आणि बातम्यांच्या पोर्टलांचे वृत्तसंपादक व छायाचित्र विभाग

सनविवि.

उच्च दाबाच्या गॅस सिलिंडरांची मुदतीची चाचणी करणाऱ्या एका केंद्रात मी तपासनीस आहे. सिलिंडर पाण्याने भरायचा, नेहमीच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त दाब द्यायचा, दाब काढल्यावर पोलाद मूळ मापावर येते की ताणलेलेच राहते ते पाहायचे, आणि पास झाला तर त्यावर तारखेचा ठसा मारायचा, हे आमचे काम. जो नापास होतो तो पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून नियमाप्रमाणे चेपून सपाट करायचा किंवा जोडता येणार नाहीत असे वेडेवाकडे तुकडे करायचे. म्हणून फुटलेल्या सिलिंडरचा फोटो छापून आला की मथळ्याआधी माझी नजर त्या पोलादाकडे जाते.

काही महिन्यांपूर्वी एका जत्रेत सिलिंडर फुटून माणसे जखमी झाली. एका दैनिकाने मोठा फोटो छापला आणि खाली लिहिले, ‘घरगुती गॅस सिलिंडरचा भीषण स्फोट’. तो घरगुती गॅसचा सिलिंडर नव्हता. मी कळवले. उत्तर आले की सिलिंडर लाल होता, त्यामुळे दुरुस्ती छापण्याची गरज वाटत नाही. हे पत्र त्या उत्तरामुळे लिहीत आहे. पण ते केवळ त्या एका दैनिकाला उद्देशून नाही, कारण असा मजकूर मी सगळीकडे वाचते.

पहिली तक्रार रंगाबद्दलचीच. आपल्या देशात घरगुती गॅसचा सिलिंडर लाल असतो हे खरे. पण औद्योगिक गॅसच्या रंगांचे जे भारतीय मानक आहे, आयएस ४३७९, त्यात हायड्रोजनचा सिलिंडरही लालच आहे. ॲसिटिलीनचा गडद किरमिजी, आणि संध्याकाळच्या प्रकाशात मोबाइलने काढलेल्या फोटोत किरमिजी आणि लाल यांत फरक उरत नाही. हॉटेलांत जाणारा १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर निळा असतो आणि वेल्डिंगच्या दुकानातला आरगॉनचाही निळाच. औद्योगिक ऑक्सिजन अंगभर काळा, वैद्यकीय ऑक्सिजनचे अंग काळे आणि खांदा पांढरा. खांदा म्हणजे सरळ नळकांडे संपून मानेकडे वळते तो वरचा गोलाकार भाग. हे रंग उपयोगी आहेत, पण त्यांवरून अंदाज बांधायचा असतो, निकाल द्यायचा नसतो. रंग जळतो, उन्हाने उडतो, आणि कुणीही डबाभर रंग आणून बदलू शकतो.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेतले फोटो काढून पाहा. ऑक्सिजनचे सिलिंडर अपुरे पडले तेव्हा नायट्रोजन आणि आरगॉनचे सिलिंडर शुद्ध करून, व्हॉल्व्ह बदलून ऑक्सिजनसाठी वापरायला सरकारनेच मुभा दिली होती. त्या काळातल्या रुग्णालयाच्या फोटोत राखाडी किंवा निळा सिलिंडर दिसला तर तो चुकीचा फोटो म्हणून फेकून देण्याचे कारण नाही, आणि त्यात नायट्रोजनच होता असे म्हणण्याचेही नाही. परदेशी वृत्तसंस्थेकडून किंवा जुन्या संग्रहातून फोटो घेता तेव्हा तर आपले रंगमानक लागूच होत नाही. अमेरिकेत वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलिंडर हिरवा असतो. युरोपच्या मानकात खुणेचा रंग फक्त खांद्यावर असतो.

मग फोटोत पाहायचे काय? सर्वांत आधी आकार, कारण तो रंगवून बदलत नाही. घरातला १४.२ किलोचा सिलिंडर ठेंगणा आणि फुगीर असतो. त्याची उंची रुंदीच्या साधारण दुप्पट भरते. हा सिलिंडर पातळ पत्र्याच्या दोन वाट्या मधोमध वेल्ड करून बनवतात, त्यामुळे पोटावर आडवा सांधा दिसतो. खाली बसण्यासाठी पोलादी कडे असते. वर व्हॉल्व्हभोवती उचलायची गोल रिंग असते आणि ती तीन उभ्या पट्ट्यांवर टेकलेली असते. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन यांचे नेहमीचे सिलिंडर याउलट एकसंध पोलादाचे, बिनसांध्याचे असतात. मोठा सिलिंडर साधारण दीड मीटर उंच आणि जेमतेम २३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे उंची रुंदीच्या सहापट. फोटोत शेजारी मोजपट्टी नसली तरी हे गुणोत्तर पडद्यावर मोजता येते.

दुसरी खूण व्हॉल्व्ह. घरगुती सिलिंडरच्या व्हॉल्व्हचे तोंड आकाशाकडे असते. त्याला फिरवायचे चाक नसते. रेग्युलेटर वरून बसवून चालू केला की आतली पिन दाबली जाते आणि गॅस सुटतो, बंद केला की थांबतो. उच्च दाबाच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह मानेत आटे देऊन उभा बसवलेला असतो, त्याचे तोंड बाजूला असते, आणि डोक्यावर चाक किंवा चावीने फिरवायचा चौकोनी दांडा असतो. रुग्णालयातल्या लहान सिलिंडरांवर बाजूच्या सपाट तोंडाखाली दोन बारीक भोके दिसतात. ती भोके प्रत्येक गॅससाठी वेगळ्या जागी असतात, म्हणजे ऑक्सिजनच्या जागी भुलीचा नायट्रस ऑक्साइड जोडलाच जात नाही. फोटो धूसर असला तरी तोंड वर आहे की बाजूला एवढे बहुतेक वेळा कळते. इथे एक सावधगिरी मात्र हवी. मोठ्या व्यावसायिक एलपीजी सिलिंडरांवर चाकाचा, बाजूला तोंड असलेला व्हॉल्व्हही असू शकतो. ॲसिटिलीनचे काही सिलिंडरही ठेंगणे आणि वेल्ड केलेले असतात. घरात आता काचतंतूंचे अर्धपारदर्शक सिलिंडर येऊ लागले आहेत आणि त्यांत लाल रंगही नाही, पोटावरचा पोलादी सांधाही नाही. म्हणून एकाच खुणेवर थांबू नये. आकार, सांधा आणि व्हॉल्व्ह हे तिघे एकच सांगत असतील तरच लिहावे.

तिसरी खूण ठशांची, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. उच्च दाबाच्या सिलिंडरच्या खांद्यावर पोलादातच अक्षरे ठोकलेली असतात. बनवणाऱ्याची खूण, अनुक्रमांक, मानकाचा क्रमांक, गॅसचे नाव किंवा रासायनिक सूत्र, भरण्याचा दाब, चाचणीचा दाब, रिकाम्याचे वजन, आत किती पाणी मावते ते, आणि प्रत्येक चाचणीची तारीख व ती करणाऱ्या केंद्राची खूण. रंग जळाला तरी हे ठसे राहतात. घरगुती सिलिंडरवर असे काही ठसे त्या तीन उभ्या पट्ट्यांवर असतात. पट्टीच्या आतल्या बाजूला इंग्रजी ए ते डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे दिसतात. बी-२६ म्हणजे २०२६ च्या एप्रिल ते जून या तिमाहीत चाचणी करायची आहे. दरवर्षी कुठेतरी ‘मुदतबाह्य सिलिंडर घरात’ अशी बातमी या खुणेचा फोटो देऊन येते. ती गॅस खराब होण्याची तारीख नसते, सिलिंडर पुढच्या चाचणीसाठी परत घेण्याची असते. ती उलटून गेलेला सिलिंडर वितरकाला परत करावा, हे बरोबर. पण ज्यावर अशी खूण आहे, असा सिलिंडर फोटोत असेल तर तो एलपीजीचा आहे हेही त्यावरून कळते. असा ठसा ऑक्सिजनच्या सिलिंडरवर नसतो.

आता जत्रेतल्या त्या फोटोकडे येते. छापलेल्या फोटोत वरचा भाग कापलेला होता. मूळ फोटो नंतर एका परिचितांकडून मिळाला आणि मी तो मोठा करून पाहिला.

पोलाद उभे फाटून पसरले होते. फाटलेल्या कडेची जाडी शेजारी पडलेल्या खिळ्यांच्या मानाने पाच-सहा मिलीमीटर तरी होती. घरगुती सिलिंडरचा पत्रा तीन मिलीमीटरच्या आतला असतो. आडवा सांधा कुठेच नव्हता. तळाचे कडे नव्हते, वरची रिंग नव्हती, आणि रिंगच्या पट्ट्या जिथे वेल्ड केलेल्या असतात तिथे तुटल्याची एकही खूण नव्हती. एवढ्यावर घरगुती गॅस बाद होतो.

लाल रंग आणि लांब, बिनसांध्याचा आकार, म्हणजे हायड्रोजन असेल असे कुणालाही वाटेल. मलाही पहिल्यांदा तेच सुचले. पण जिथे लाल रंगाचे पापुद्रे उडाले होते तिथे खाली काळा थर दिसत होता. आणि खांद्यावर, रंगाने अर्धवट बुजलेल्या ठशांत, O₂ हे सूत्र वाचता येत होते. त्याच्या बाजूला १५० आणि २५० हे आकडे. ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये १५० किलो दाबाने गॅस भरतात आणि चाचणी २५० किलोला करतात, त्यामुळे आकडे सूत्राशी जुळत होते. अशा सिलिंडरची चाचणी पाच वर्षांनी करावी लागते. शेवटच्या तारखेचा जो ठसा वाचता आला तो त्याहून खूपच जुना होता.

म्हणजे तो जन्माने ऑक्सिजनचा सिलिंडर होता, केव्हातरी चाचणीच्या साखळीतून निसटला होता, आणि कुणीतरी तो लाल रंगवला होता. मानेत व्हॉल्व्हच्या जागी हाताने जोडलेला नळाचा तुकडा होता, आणि फाटलेल्या पोटाच्या आत पांढरट राखाडी साका वाळलेला होता. फुगेवाल्यांपैकी काहीजण हायड्रोजन विकत घेत नाहीत. जुन्या सिलिंडरमध्येच कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे घालून तो तयार करतात. या क्रियेत गॅसबरोबर खूप उष्णता निघते, आणि तापले की क्रिया आणखी वेगाने होते. दाब किती चढतो ते पाहायला मापक नसतो, दाब सोडायला झडप नसते. आतला साका त्या मिश्रणाचा होता असे मी केवळ फोटोवरून शपथेवर सांगणार नाही. पण नळाचा तुकडा, साका, खोटा रंग आणि जुना ठसा एकत्र पाहिल्यावर पोलिसांना त्या दिशेने विचारायला हवे होते, एवढे नक्की सांगेन. तो साका कॉस्टिकचा असेल तर उघड्या हाताने तुकडे उचलणाऱ्याची कातडी भाजते, आणि त्या फोटोत दोन माणसे नेमके तेच करताना दिसत होती.

तुमच्या मथळ्याने काय झाले ते पाहा. वाचणाऱ्यांना वाटले की स्वयंपाकघरातला सिलिंडर जत्रेत फुटला. पुढचे चार दिवस चर्चा झाली ती रबरी नळी तपासण्याची आणि रात्री रेग्युलेटर बंद करण्याची. सल्ला चांगला आहे, पण या अपघाताशी त्याचा काही संबंध नव्हता. जो प्रश्न विचारायला हवा होता तो असा की नापास किंवा बेवारस सिलिंडर भंगारात अख्खा गेला कसा? त्या खांद्यावर अनुक्रमांक होता. शेवटच्या चाचणी केंद्राची खूण होती. त्या दोन गोष्टींवरून तो सिलिंडर कुणाच्या मालकीचा होता आणि शेवटी कुणाच्या हातात होता, इथपर्यंत माग काढता येतो. आम्ही चाचणीच्या नोंदी ठेवतो त्या याचसाठी. फोटो दोन कॉलमांत बसवताना तुम्ही नेमका तोच भाग कापला.

दुसरी एक चूक याच्या उलट आहे आणि ती जास्त घरांना भोवते. घराच्या भिंती बाहेर ढकलल्या गेल्या आहेत, दार चौकटीसकट उडाले आहे, आणि ढिगाऱ्यात लाल सिलिंडर अख्खा उभा आहे. रिंग शाबूत, सांधा शाबूत, फक्त एका बाजूचा रंग काळवंडलेला. खाली मथळा ‘सिलिंडरचा स्फोट’. तो सिलिंडर फुटलेला नाही हे तुमच्याच फोटोत दिसते आहे. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खोलीत खाली साचतो, हवेत त्याचे प्रमाण साधारण दोन ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान आले की एका ठिणगीने पेटतो, आणि फुटते ती खोली. सिलिंडर खरोखर फुटतो तेव्हा तो बहुधा बाहेरच्या आगीत बराच वेळ तापलेला असतो. पत्रा आधी फुगतो आणि मग उभा फाटून माशाच्या तोंडासारखा उघडतो. ‘सिलिंडर फुटला’ म्हटले की संशय सिलिंडर भरणाऱ्यावर जातो. ‘गॅस गळून खोलीत साचला’ म्हटले की नळी, रेग्युलेटर, व्हॉल्व्हमधले रबरी वायसर, बंद खिडक्या यांची चौकशी होते. अख्ख्या सिलिंडरच्या फोटोखाली पहिले वाक्य छापून तुम्ही ती चौकशी चुकीच्या दारात नेऊन सोडता.

ऑक्सिजनबद्दल थोडक्यात. रुग्णालयातल्या आगीच्या बातमीत ऑक्सिजनला ‘ज्वलनशील वायू’ म्हणतात. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, तो दुसऱ्याला जाळायला मदत करतो. म्हणून त्याच्या व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लावायला सक्त मनाई असते. काळ्या अंगाच्या, पांढऱ्या खांद्याच्या सिलिंडरांच्या रांगेखाली ‘ज्वलनशील’ लिहिले की वाचक सिलिंडरकडे बोट दाखवतो आणि जळालेल्या वायरिंगकडे कुणी बघत नाही.

तुमच्या अडचणी मला समजतात. फोटो व्हॉट्सॲपवरून येतो तेव्हा तो दाबून लहान झालेला असतो आणि ठसे पुसट होतात. पिवळ्या दिव्याखाली काळे तपकिरी दिसते. सेल्फी कॅमेऱ्याने काढलेला फोटो कधी उलटा होतो, आणि तेव्हा ठशांची अक्षरेही आरशातल्यासारखी उलटी दिसतात, त्यावरून ते ओळखता येते. अनेकदा फोटोवरून काहीच ठामपणे सांगता येत नाही. तसे असेल तेव्हा ‘गॅस सिलिंडर’ एवढेच लिहिले तर ते पुरेसे आणि खरे असते. ‘घरगुती’ हा शब्द आपणहून जोडण्याची सक्ती तुमच्यावर कुणीही केलेली नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक, सिलिंडरच्या कोणत्याही अपघाताच्या फोटोत खांदा आणि व्हॉल्व्ह कापू नका. जागा कमी असेल तर खालचा भाग कापा.

दोन, बातमीदारांना सांगा की पोलिसांनी परवानगी दिली तर, कशालाही हात न लावता, चार फोटो घ्या. पूर्ण सिलिंडर, व्हॉल्व्ह बाजूने, ठसे जवळून तिरप्या उजेडात, आणि फाटलेली कड. शक्य असेल तर चौकटीत एखादी ओळखीच्या मापाची वस्तू येऊ द्या. तिरप्या उजेडात ठशांच्या खाचांत सावली पडते आणि रंगाखालची अक्षरेही वाचता येतात. मूळ फाइल जपून ठेवा, दाबलेली प्रत नाही.

तीन, आकार, सांधा आणि व्हॉल्व्ह तिन्ही जुळल्याशिवाय ‘घरगुती’ लिहू नका, आणि ठसा वाचल्याशिवाय गॅसचे नाव लिहू नका. पोलिसांनी किंवा अग्निशमन दलाने नाव सांगितले असेल तर ते त्यांच्या नावाने छापा.

चार, सिलिंडर अख्खा दिसत असेल तर ‘सिलिंडर फुटला’ लिहू नका.

पाच, चूक दाखवून दिल्यावर त्याच जागी दुरुस्ती छापा. जत्रेच्या त्या बातमीची दुरुस्ती अजून आलेली नाही. मूळ फोटो त्या दैनिकाकडे आहे. त्यात अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे माझ्याकडच्या प्रतीपेक्षा स्पष्ट असतील, आणि ते नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेला आजही पाठवता येतील.

आपली,
सिलिंडर चाचणी केंद्रातील एक तपासनीस